शनिवारची नवरी

नोकरीवरून काढल्याचं पत्र हातात पडलं तेव्हा नोल्फा साल्दीआस एका म्हाताऱ्या पोस्टमनची दाढी करत होती. पोस्टमन सकाळीच वारला होता आणि घरच्यांनी त्याला निळ्या कोटात बघायचं ठरवलं होतं. नोल्फाने हातमोजे काढले, पत्र वाचलं, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं, नवे हातमोजे चढवले आणि दुसरा गाल करायला घेतला. अर्धी दाढी करून कुणाला पेटीत घालता येत नाही.

पत्र आणून देणारे खुद्द मालक, एवारिस्तो बुरगोस, दारातच उभे राहिले होते. त्यांना वाटलं होतं ही रडेल, निदान भांडेल तरी.

"काही बोलायचंय का तुला?" त्यांनी विचारलं.

"कोटाचं वरचं बटण तुटलंय," नोल्फा म्हणाली. "यांच्या मुलीला सांगा, घरात दुसरं असेल तर पाठव म्हणावं."

असं होतं तिचं. ही बाई दगडाची आहे असं तालका शहरातले पुष्कळ लोक म्हणायचे आणि तिलाही ते फारसं चूक वाटत नसे. हॉस्पिटलसमोरच्या बुरगोसांच्या दुकानात पुढच्या बाजूला पेट्या, फुलं आणि मेणबत्त्या, मागच्या थंड खोलीत नोल्फा. वीसेक वर्षं तिने या शहरातल्या मेलेल्यांचे चेहरे नीट केले होते. अपघातात गेलेल्यांना पुन्हा नाक दिलं, आजाराने पिवळे पडलेल्यांना गालावर लाली दिली. घरचे लोक काचेतून बघून म्हणायचे, "झोपल्यासारखा दिसतोय," आणि हुंदका द्यायचे. तेवढ्या वर्षांत नोल्फाच्या आत काहीतरी हळूहळू गोठलं होतं. दुःख होत नव्हतं, तसा आनंदही होत नव्हता. पावाला पावाची चव येईना, बहिणीच्या विनोदावर हसू येईना. ती त्याची तक्रार करत नव्हती. तक्रार करायलाही आत काहीतरी जागं असावं लागतं.

मग नवऱ्या आल्या.

पहिली नवरी तिच्या भाचीची मैत्रीण. ठरलेली मेकअपवाली ऐन वेळी तापाने पडली आणि भाची मावशीच्या पाया पडली. नोल्फाने मुलीला खुर्चीवर बसवलं, ब्रश उचलला आणि हात थरथरायला लागला. उभा चेहरा तिने कधी रंगवलाच नव्हता. शेवटी ती म्हणाली, "पोरी, जरा पलंगावर आडवी हो." आडवी झाल्यावर हात स्थिर झाला. पण मुलगी उठून बसली तेव्हा सगळं बिनसलं. आडव्या चेहऱ्याचे गाल कानांकडे पसरतात, उभ्या चेहऱ्याचे खाली ओघळतात. जिथे लाली लावली होती तिथे आता गालच नव्हता. मुलगी आरशात बघून इतकी हसली की डोळ्यांतलं काजळ वाहिलं. नोल्फाने ते पुसलं आणि तिच्या बोटांना कळलं की ही कातडी गरम आहे. ब्रशखाली हलते आहे. आता हसली, आता शिंकली, आता होणाऱ्या सासूबद्दल काहीतरी भलतंच बोलली. त्या दिवशी घरी जाताना नोल्फाने गाडीवरची एक सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याची तळलेली पुरी, घेतली, आणि तिखट चटणीने तिची जीभ पोळली. केवढी चव होती तिला!

त्यानंतर ती दर शनिवारी एक नवरी करायला लागली. शनिवार-रविवार तिला सुट्टीच असे. नवे ब्रश घेतले, नवे रंग घेतले, दुकानातली एक कापसाची गुंडाळीही कधी घरी आणली नाही. पद्धत मात्र तीच, नवरी आधी आडवी करायची आणि शेवटी बसवून गाल दुरुस्त करायचे. मुलींना ती गंमत वाटे. सोमवार ते शुक्रवार नोल्फा होती तशीच होती. पण शनिवारी दोन-तीन तास ती जिवंत माणसांत असे, आणि तेवढ्यावर तिचा आठवडा निघत असे.

घात झाला तो मात्र सवयीने. एका शनिवारी एक नवरी, रात्रभर जागलेली, मेकअप चालू असतानाच झोपी गेली. नोल्फा पापण्या रंगवत होती. हनुवटी खाली पडू नये म्हणून तिने टॉवेलची गुंडाळी करून खाली सरकवली. मुलीचे हात इकडेतिकडे पडलेले दिसले, ते उचलून पोटावर एकावर एक ठेवले, उजवा वर. यातलं काहीच तिने ठरवून केलं नव्हतं. तेवढ्यात मुलीची आत्या ग्रिसेल्दा दार उघडून आत आली. समोर पांढऱ्या कपड्यात डोळे मिटलेली भाची, हनुवटीखाली गुंडाळी, पोटावर हात. आणि तिच्यावर वाकलेली जी बाई, तिनेच मागच्या हिवाळ्यात आत्याच्या नवऱ्याला अगदी असंच निजवलं होतं.

आत्याने जी किंकाळी फोडली, ती म्हणे पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीपर्यंत ऐकू गेली. नवरी दचकून उठली, आरसा फुटला, शेजारी गोळा झाले. लग्न झालं, पण सोमवारी आत्या बुरगोसांच्या दुकानात हजर. "मढ्यांना लावलेले हात आमच्या मुलीला लावते! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं तुम्ही!"

बुरगोसांनी त्याच दिवशी नोल्फाचा करार काढला. त्यात कलम होतं: कामगार या नोकरीव्यतिरिक्त दुसरी कोणतीही नोकरी वा व्यवसाय, कामाच्या वेळेत अथवा वेळेबाहेर, करणार नाही. गंमत म्हणजे हे कलम बुरगोसांनी आपल्या पुतण्याच्या खाणकंपनीच्या करारातून जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. तिथे ते इंजिनिअरांसाठी होतं. इथे ते नोल्फासाठी झालं.

*

"ही नोकरी म्हणजे सोनं होतं गं," बहीण ओदेत म्हणाली. संध्याकाळचा चहा, पाव आणि त्यावर लावायला कुस्करलेली पाल्ता, म्हणजे अवोकाडो, मध्ये ठेवून दोघी बसल्या होत्या. "मेलेली माणसं तक्रार करत नाहीत, उधारी ठेवत नाहीत. आणि तू गेलीस त्या टवळ्यांच्या भुवया रंगवायला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

"हं," नोल्फा म्हणाली.

"हं काय हं? वाईट तरी वाटतंय का तुला?"

नोल्फाने विचार केला. "अजून नाही."

ओदेतनेच मग तिला ओढत कामगार कचेरीत नेलं. तिथे समेटाची बैठक झाली, मालकांनी करार टेबलावर आपटला आणि बैठक मोडली. मग गरिबांसाठी सरकार फुकट वकील देतं तिथे गेल्या. वकीलबाईंचं नाव ताबिता लेपे. वय फार नव्हतं, पण डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं की नोल्फाच्या मनात आपोआप रंगाचा नंबर आला.

ताबिताने पत्र दोनदा वाचलं. "मालकांनी दोन खुंट्यांवर कपडे टांगलेत, बाई. पहिली खुंटी अशी, की करारात लेखी मनाई असताना तुम्ही मालकाच्याच धंद्यात मोडणारा व्यवसाय केलात. दुसरी, की कराराचा गंभीर भंग केलात."

"मनाई तर होती. सही माझीच आहे."

"सहीने सगळं होत नाही. कायदा मालकाला एवढंच देतो, की कामगाराने त्याच्याच धंद्यात स्वतःचं दुकान मांडू नये, असं त्याने लिहून घ्यावं. जगातला कुठलाच धंदा करू नये, सुट्टीच्या दिवशीही नाही, असं लिहून घेतलं तर तेवढा भाग टिकत नाही. काम निवडायचं स्वातंत्र्य घटनेने दिलंय, ते सही करून देऊन टाकता येत नाही. मालकांनी तुमचे तास विकत घेतलेत, तुम्हाला नाही." तिने मान वर केली. "आता खरं सांगा. शनिवारी कधी एखादं मयत केलंत? बाहेर? शेजाऱ्याचं, ओळखीचं?"

"नाही."

"फुकटसुद्धा?"

"शनिवारी मी मयताकडे बघतसुद्धा नाही," नोल्फा म्हणाली.

"दुकानाचं सामान वापरलंत? एखाद्या नवरीसाठी कामावर दांडी मारलीत?"

"नाही."

"मग बरं. नवऱ्या म्हणजे अंत्यविधी नव्हे." ताबिता स्वतःशीच हसली. "काही बायका वेगळं सांगतील म्हणा."

ओदेत खो-खो हसली. नोल्फा हसली नाही, पण विनोद आहे हे तिला कळलं.

"म्हणजे मला परत घेतील?" तिने विचारलं. "आणि शनिवारही राहील?"

ताबिताचं हसू गेलं. "नाही, बाई. तिथेच अडतं. काढायच्या आधी आला असतात, तर कामगार कचेरीकडून मालकांना ते कलमच सुधारायला लावलं असतं. आता काढून झालंय. आपण जिंकलो तर कोर्ट म्हणेल, काढणं चुकीचं होतं. वर्षांच्या हिशेबाने भरपाई देईल, वर दंड म्हणून वाढ देईल. पण नोकरी परत द्या असं या प्रकारात कोर्ट सांगत नाही. ती मालकांनी आपण होऊन दिली तरच."

नोल्फाने मान हलवली. तिला दोन्ही हवं होतं. सोमवार ते शुक्रवारचं काम तिला येत होतं, ते तिच्या हातांचं होतं. आणि शनिवार तिचा होता. यातलं एक मिळून दुसरं जाणार, हे तिला एखाद्याच्या घरी गॅस बंद करायला सांगावं तितक्या साधेपणाने सांगण्यात आलं. ओदेतच्याच डोळ्यांत पाणी आलं.

*

कोर्टातली पहिली तारीख तयारीची असते आणि तिथे न्यायाधीशांना समेट सुचवावाच लागतो. न्यायाधीशबाई सौम्य होत्या. त्यांनी दोन्ही बाजूंना आकडा सुचवला. बुरगोसांनी आपल्या वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मग स्वतःच उठून उभे राहिले.

"मला आकडा नकोय, बाई. मला माझं माणूस परत हवंय." ते नोल्फाकडे वळले. "तुझ्या जागी दोघांना ठेवून बघितलं गं. एकाने परवा बेकरीवाल्याच्या आईला अशा भुवया काढल्या की ती मेल्यावरही चिडलेली दिसत होती. ये परत. पत्र मागे घेतो, नोकरी जशीच्या तशी. फक्त एका जोडपत्रावर सही कर, की नवऱ्या बंद."

ताबिताने नोल्फाकडे झुकून हळूच सांगितलं, "नको म्हणायला काही हरकत नाही. हो म्हणायलाही नाही. मी मध्ये पडणार नाही."

मागच्या बाकावरून ओदेत जोरजोरात मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण. नोल्फाला आपल्या तोंडातून "बरं" येताना जाणवलं. ओठ तसे उघडलेही होते. तिला थंड खोली आठवली, आपलं स्टूल, आपले चिमटे. आत काहीच हललं नाही. ना हो, ना नाही.

"शनिवारी मी काय करू?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"नवऱ्या बंद. मग शनिवारी काय करू?"

बुरगोस गोंधळले. प्रश्न त्यांना खरंच कळला नाही. "काय करू म्हणजे? आराम कर! वय झालं आता आपलं. घरी आडवी पड मस्त. कुणी उठवणार नाही."

सगळे हसले, न्यायाधीशबाईसुद्धा. नोल्फाच्या मात्र पोटात कळ आली. खरी कळ, दात दुखावा तशी. वीस वर्षांत असं काही तिच्या पोटात झालं नव्हतं, आणि तिला आधी वाटलं आपण आजारीच आहोत. मग कळलं की आपण घाबरलो आहोत.

"नाही," ती म्हणाली. "मला नाही आडवं पडायचं."

ओदेतने कपाळावर हात मारून घेतला. समेट फिसकटला.

*

खटल्याच्या दिवशी आधी मालकाची बाजू असते, कारण पत्रात जे लिहिलंय ते खरं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. बुरगोसांचा वकील चांगला पोसलेला, घोटून गुळगुळीत केलेल्या आवाजाचा होता.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," तो म्हणाला. "मेकअप तो मेकअप. तिथेही रंग, इथेही रंग. जे कौशल्य मालकाच्या दुकानात कमावलं तेच बाहेर विकलं. शिवाय दुकानाची अब्रू गेली."

साक्षीला आत्या ग्रिसेल्दा आली. काळा पोशाख, हातात रुमाल. तिने सगळं पुन्हा सांगितलं आणि किंकाळीचा थोडासा नमुनाही दाखवला.

ताबिता उठली. "त्या प्रसंगानंतर तुमच्या घरात कुणी वारलं का, बाई?"

"देवाची कृपा, नाही!"

"वारलं असतं तर बुरगोसांकडे गेला नसतात?"

आत्याने चोरट्या नजरेने नोल्फाकडे बघितलं. "गेले असते."

"का?"

"माझ्या नवऱ्याला तिने…" आत्याचा आवाज बसला. "फार चांगलं केलं होतं हो तिने. आजाराने पार वाळला होता. तिने त्याला लग्नाच्या वेळचा केला होता."

"आणि एखाद्या मयताचं काम या बाईंनी दुकानाबाहेर घेतल्याचं तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. माझी भाची जिवंत होती," आत्या रागाने म्हणाली. "मला वाटलं नव्हती, तो भाग वेगळा."

गुळगुळीत वकिलाने मग नोल्फालाच उभं केलं. रंग कुणाचे? माझे. ब्रश? वेगळे, घरी. शनिवारी मालकांनी बोलावलं असतं तर? बोलावलं नाही. आपल्यामुळे दुकानाला कमीपणा येतो असं नाही वाटलं? मग त्याने अचानक आवाज चढवला. "आडवं करून, पोटावर हात ठेवून, हनुवटीखाली गुंडाळी घालून! ही मालकाचीच पद्धत नाही का? हा मालकाचाच धंदा नाही का?"

"ती माझी चूक होती," नोल्फा म्हणाली.

ताबिताने डोळे मिटून घेतले.

"मला जिवंत माणसं करता येत नव्हती," नोल्फा त्याच सपाट आवाजात पुढे म्हणाली. "आडव्या चेहऱ्यावर लावलेला रंग उभं राहिल्यावर बिघडतो. मेलेल्या माणसाला उभं राहायचं नसतं, म्हणून मला ते माहीतच नव्हतं. मालकांच्या दुकानात हे शिकायला मिळत नाही. मी शनिवारी शिकले. धंदा एकच असता तर शिकावं लागलं नसतं."

न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवून तिच्याकडे बघितलं. वकील जागेवर जाऊन बसला.

निकाल त्याच बैठकीत आला. न्यायाधीशबाईंनी तो साध्या शब्दांत सांगितला. मालकाने आपल्याच धंद्यातली स्पर्धा लेखी मना करावी, ते योग्य. त्यापलीकडे, सुट्टीच्या वेळेत कोणतंच काम करू नये ही मनाई कामाच्या स्वातंत्र्याच्या आड येते. तिच्या आधाराने कुणाला काढता येत नाही. नवरीचा साजशृंगार अंत्यविधीच्या धंद्यात मोडत नाही. कामात कसूर झाल्याचं कुणी म्हटलेलंही नाही. काढणं अयोग्य. भरपाई वाढीसह द्यावी.

ओदेतने ताबिताला मिठी मारली. नोल्फाने आपली पर्स उचलली. तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. शनिवार राहिला होता, आणि बाकीचा आठवडा समोर रिकामा पडला होता.

बाहेर जिन्याजवळ बुरगोस एकटेच उभे होते. टोपी हातात, वकील केव्हाच निघून गेलेला. नोल्फा खाली उतरू लागली तशी त्यांनी कठड्यावर हात आडवा धरला.

"एक विचारू का?"

"विचारा, मालक."

"आता मालक कसला." ते टोपीची कड फिरवत राहिले. मग एकदम म्हणाले, "माझं वय बघतेस ना तू. छातीचंही काही खरं नाही. मी आपला इतकी वर्षं धरूनच चाललो होतो, की माझं तू करशील. दुसऱ्या कुणाचा विचारच केला नाही गं. म्हणून तर…" त्यांनी टोपी छातीशी धरली. "ते दोघं मला जोकर करून ठेवतील. बायको काचेतून बघेल. येशील का?"

नोल्फाने त्यांच्याकडे पाहिलं. रोज बघूनही न बघितलेला चेहरा. डावी भुवई जरा वर, नाकाशी फुटलेल्या बारीक लाल शिरा, खालचा ओठ कापत असलेला. ती बघत राहिली. असं कुणाकडे कधी बघितलं होतं, तिला आठवेना. हा माणूस जाणार आहे याचं तिला वाईट वाटत होतं, भरपूर वाईट वाटत होतं, आणि तो अजून समोर जिवंत उभा होता.

"येईन," ती म्हणाली. आवाज फुटला म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "येईन, मालक. कधीही बोलवा."

त्यांनी मान खाली घातली आणि हात काढून वाट दिली. दोन पायऱ्या उतरून नोल्फा वळली. तिचे डोळे ओले होते, आणि ती ते लपवतही नव्हती.

"फक्त शनिवारी मरू नका."